OE म्हणजे पंप गेला? एरर कोडचा तक्ता मराठीत आणताना

कुठल्याही मेकॅनिकच्या दुकानात जा आणि सर्व्हिस गाइडमधलं सगळ्यात मळकं पान शोधा. ते एरर कोडच्या तक्त्याचं निघेल. बाकीचं गाइड कोरं करकरीत, आणि या एका पानावर काळ्या अंगठ्यांचे ठसे, चहाचा डाग, कडेला पेनाने लिहिलेले फोन नंबर. मेकॅनिक गाइड वाचत नाही, हे पान तेवढं वाचतो. म्हणून मराठीत आणायला सगळ्यात आधी हेच पान दिलं जातं. चार-पाच शब्दांच्या ओळी असतात, तास-दोन तासांत होईल असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

मी जळगावात राहतो आणि खान्देशातल्या मेकॅनिक मुलांसाठी वॉशिंग मशीन आणि एसीची अशी पानं मराठीत करतो. पहिल्याच तक्त्यात मी एक ओळ अशी लिहिली: ‘OE – पाणी निचरा त्रुटी – ड्रेन पंप, फिल्टर, पाइप, प्रेशर सेन्सर, पीसीबी तपासा.’ महिन्याभराने पाचोऱ्याकडच्या एका मेकॅनिकचा फोन आला. “भाऊ, तुमच्या कागदात पंप पहिला लिहिलाय, म्हणून पंप बदलला. गिऱ्हाइकाने पैसे दिले. दोन दिवसांनी परत तोच कोड.” बिघाड पंपात नव्हताच. माझं भाषांतर शब्दाला शब्द बरोबर होतं, आणि तरीही पंपाचे पैसे गेले ते माझ्यामुळे. पुढचं सगळं त्या ओळीने शिकवलेलं आहे.

आधी मशीन बघा, मग तक्ता

कोड हा शब्द नाही, ते चित्र आहे. मेकॅनिक वर डिस्प्लेकडे बघतो, खाली कागदाकडे बघतो आणि दोन चित्रं जुळतात का ते पाहतो. म्हणून कोडचं मराठी करायचं नाही. ‘ओई’ नाही, ‘सीएच०५’ नाही. डिस्प्लेवर `CH05` दिसतं, तर कागदावरही `CH05`.

त्यातही खोच आहे. या डिस्प्लेमध्ये एक आकडा सात काड्यांचा असतो. त्यात 5 आणि S एकसारखेच दिसतात, 0 आणि O सुद्धा. मोठा D काढला तर तो शून्यासारखा दिसेल, म्हणून दाराच्या कोडमध्ये छोटा d येतो: `dE`. काही गाइडमध्ये ड्रेनचा कोड `5E` असा छापलेला असतो, आणि मेकॅनिक फोनवर “एस ई येतोय” म्हणून सांगतो. अशा ठिकाणी मी कोडच्या खाली बारीक अक्षरात ‘SE असाही वाचला जातो’ एवढं लिहितो. पण छोट्या अक्षराचं मोठं करत नाही. एका कंपनीच्या मशीनमध्ये छोट्या u चा `uE` म्हणजे कपडे एका बाजूला झालेत आणि मशीन ते स्वतः सारखे करायचा प्रयत्न करतंय. मोठ्या U चा `UE` म्हणजे प्रयत्न करून हरलं. पहिल्याला मेकॅनिकची गरज नाही, दुसऱ्याला माणसाने झाकण उघडून कपडे सारखे करायला हवेत. टाइप करताना नीटनेटकं दिसावं म्हणून दोन्ही मोठे केले, तर दोन ओळींचा फरकच पुसला जातो.

एक्सेलमध्ये काम करत असाल तर टाइप करण्याआधी कोडचा पूर्ण कॉलम ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर `4E1` लिहून पुढे गेलात की एक्सेलला ती संख्या वाटते:

```
4E1  ->  4.00E+01
4E2  ->  4.00E+02
01   ->  1
```

हे मी चाळीस ओळी भरून झाल्यावर पाहिलं होतं. मूळ कोड काय होते ते आठवत नव्हतं, सगळं पुन्हा पीडीएफमधून भरावं लागलं.

आकड्यांचं माझं मत थोडं वेगळं आहे. एरवी मी मराठी अंकांचा आग्रही, पण या तक्त्यात कोड आणि मीटरवर वाचायचे आकडे इंग्रजी अंकांतच ठेवतो. मीटरवर तेच दिसतात. शिवाय तिसऱ्या झेरॉक्समध्ये मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसायला लागतो, आणि या तक्त्याची तिसरी झेरॉक्स हमखास निघते.

आणखी एक. एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या तक्त्यावरून समजून घेऊ नका. `LE` एका कंपनीत मोटर फिरत नाही म्हणून येतो, दुसरीकडे पाणी गळतंय किंवा पातळी गडबडली म्हणून. मागच्या फाइलमधून ओळ कॉपी करण्याचा मोह होतो. तेवढा टाळा.

ओळीत नेमकं काय म्हटलंय

आता मूळ दुखण्याकडे येतो. इंग्रजी तक्त्यात ‘ड्रेन एरर’ किंवा ‘सेन्सर अब्नॉर्मल’ असं लिहिलेलं असतं. नवा माणूस ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ करून ‘निचरा त्रुटी’ लिहितो. ‘निचरा’ शब्द रावेर-यावलच्या केळीवाल्याला चांगला कळतो, पण तो जमिनीचा. मेकॅनिकला त्यातून काहीच मिळत नाही. मग तो पुढच्या रकान्यात जातो, आणि तिथे जो पार्ट पहिला लिहिलेला असेल तो बदलतो.

खरं तर कोड ‘काय बिघडलं’ हे सांगतच नाही. मशीनच्या बोर्डाला, म्हणजे पीसीबीला, ते माहीतच नसतं. बोर्डाला तारांवरून काही सिग्नल येतात. ठरलेल्या वेळात ते अपेक्षेसारखे आले नाहीत, तर तो थांबतो आणि कोड दाखवतो. म्हणजे प्रत्येक ओळीत तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. बोर्डाला काय दिसलं आणि किती वेळ दिसलं, ही पहिली. मग मशीनने काय केलं: थांबलं, पुन्हा प्रयत्न करतंय, की मेन बंद केल्याशिवाय उठणारच नाही. तिसरी गोष्ट म्हणजे असं दिसायची कारणं कोणती. इंग्रजीत या तिन्ही एकाच ओळीत कोंबलेल्या असतात, क्रियापदं गाळून. मराठीत त्या वेगळ्या कराव्या लागतात, आणि क्रियापद परत आणावं लागतं. आपल्या भाषेत क्रियापदाशिवायची ओळ अर्धवट वाटते, आणि अर्धवट ओळीचा अर्थ वाचणारा आपल्या मनाने पुरा करतो.

ही माहिती तक्त्यात पूर्ण नसतेच. ती त्याच गाइडमध्ये पुढे कुठेतरी असते, बहुतेक वेळा बाणांच्या आकृतीत. म्हणून तक्ता उघडण्याआधी ती पानं वाचून काढा. मी प्रत्येक कोडासमोर पेन्सिलने त्या आकृतीचा पान नंबर लिहून ठेवतो. आकृतीत नसलेलं स्वतःच्या डोक्यातून घालायचं नाही. मेकॅनिकने सांगितलेली एखादी युक्ती कितीही खरी असली, तरी ती कंपनीच्या इंजिनिअरला विचारायच्या यादीत जाते, तक्त्यात नाही.

एक ओळ, सुरुवातीपासून

ती पाचोऱ्याची ओळ घेऊ. मशीन समोरून दार असलेलं, म्हणजे फ्रंट लोड. इंग्रजी ओळ मराठी अक्षरांत लिहायची तर अशी: ‘ड्रेन नॉट कम्प्लीटेड विदिन टेन मिनिट्स. चेक ड्रेन पंप, फिल्टर, होज, प्रेशर सेन्सर, पीसीबी.’

पहिला प्रश्न: पाणी गेलं की नाही, हे बोर्डाला कसं कळतं? बोर्डाला पाणी दिसत नाही. टबच्या खालच्या बाजूने एक बारीक हवेची नळी वर प्रेशर सेन्सरपर्यंत जाते. टबमध्ये पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, सेन्सर त्या दाबाप्रमाणे सिग्नल देतो आणि बोर्ड त्यावरून पातळी धरतो. पाणी उतरलं की दाब उतरतो. म्हणजे ओळीचा खरा अर्थ ‘पाणी बाहेर गेलं नाही’ एवढाही नाही. ‘पातळी उतरलेली बोर्डाला दिसली नाही’, हा आहे. दोन्हींत फरक एवढाच की दुसरं वाक्य वाचून मेकॅनिक आधी दाराच्या काचेतून आत बघतो.

आत पाणी साचलेलं असेल, तर पाणी खरंच जात नाहीये. मग पाइप दबलाय का, वळलाय का, फिल्टरमध्ये नाणं, बटण, केसांचा गुंता अडकलाय का, आणि शेवटी पंप फिरतोय का, ही वाट. ड्रम रिकामा असेल आणि तरीही कोड येत असेल, तर पंपाने आपलं काम केलेलं आहे. मग हवेची नळी चोंदलीये का, तिच्यात पाणी किंवा साबणाचा लगदा बसलाय का, निसटलीये का, सेन्सरचा जॅक सैल आहे का, ही दुसरी वाट. पाचोऱ्याच्या मशीनमध्ये नेमकं हेच होतं. नळीच्या खालच्या तोंडाशी लगदा होता, आतला दाब सुटत नव्हता. ड्रम कोरडा, आणि बोर्डाच्या मते अजून पाणी आहे.

या दोन वाटा गाइडमधल्या आकृतीत होत्या, तक्त्याच्या बऱ्याच पुढे. तक्त्यात सगळे पार्ट एका ओळीत, स्वल्पविराम देऊन. स्वल्पविरामाला मेकॅनिक क्रम समजतो. त्याची चूक नाही, कुणीही समजेल.

आता ओळ अशी आहे:

```
OE
बोर्डाला काय दिसलं:
  पाणी काढायला सुरुवात करून 10 मिनिटं झाली,
  तरी पातळी उतरलेली दिसली नाही.
मशीन काय करतं: प्रोग्राम थांबतो.
आधी बघा: ड्रममध्ये पाणी आहे का?
  पाणी आहे  -> पाइप, फिल्टर, मग पंप
  पाणी नाही -> हवेची नळी, प्रेशर सेन्सर, जॅक
बोर्ड सगळ्यात शेवटी.
```

पंपाच्या ओळीखाली मी गाइडमधलीच एक तपासणी जोडली आहे. पाणी काढायच्या वेळी पंपाच्या जॅकवर व्होल्टेज येतंय का बघा. येतंय आणि पंप फिरत नाही, तर पंप. येतच नाही, तर वायर किंवा बोर्ड. इंग्रजीत हे एकाच लांब वाक्यात होतं, ‘जर’च्या पोटात दुसरा ‘जर’. मराठीत असं वाक्य आलं की शेवटचं क्रियापद येईपर्यंत वाचणारा सुरुवात विसरतो. दोन लहान वाक्यं करा. एक ‘येतंय’ची, एक ‘येत नाही’ची.

हीच ओळ वरून झाकण असलेल्या मशीनला, म्हणजे टॉप लोडला, लावू नका. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोडमध्ये पंप नसतोच. तिथे ‘ड्रेन मोटर’ असते. ती पाणी उपसत नाही, फक्त व्हॉल्व्ह ओढून उघडते, आणि पाणी आपल्या वजनाने खाली जातं. त्यामुळे पाइपाबद्दलची सूचना अगदी उलटी होते. फ्रंट लोडमध्ये पाइपाचं तोंड गाइडमध्ये दिलेल्या उंचीवर अडकवायचं असतं. फार खाली ठेवलं तर भरता भरताच पाणी निघून जातं. बिनपंपाच्या टॉप लोडमध्ये पाइप जमिनीलगत उतरता हवा. बाथरूमच्या उंबऱ्यावरून चढवला की पाणी अडतं, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांत मोरीचा उंबरा चांगला वीतभर असतो. इंग्रजी तक्त्यात दोन्ही ठिकाणी ‘चेक ड्रेन होज हाइट’ एवढंच असतं. मराठीत ‘पाइपाची उंची तपासा’ लिहिलं, तर मेकॅनिक उंची बघेल, पण ती जास्त हवी की कमी? गाइडमधून ते शोधून लिहा. ‘ड्रेन मोटर’चं ‘ड्रेन पंप’ तर करूच नका. स्पेअर पार्टवाला वेगळाच डबा हातात ठेवेल.

दुकानात चालणारे शब्द

शब्द कुठले वापरायचे, याचा वाद कार्यालयात बसून मिटत नाही. गोलाणी मार्केटला किंवा तुमच्या गावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरशेजारी तासभर उभे राहा आणि गिऱ्हाइकं काय मागतात ते ऐका. कॉम्प्रेसर, कॉइल, व्हॉल्व्ह, सेन्सर, जॅक, कॅपॅसिटर, गॅस हे सगळे मराठी शब्दच आहेत आता. ‘संपीडक’ लिहिलेला कागद मी एकदा दाखवला होता. चोपड्याकडचा एक मुलगा म्हणाला, “हाई काय लिखेल शे भाऊ?” पीसीबीला कुणी किट म्हणतं, कुणी कार्ड. मी ‘पीसीबी’ लिहितो, कारण पार्टच्या डब्यावर तेच छापलेलं असतं.

घरी अहिराणी बोलणारी ही मुलं कागदावरची साधी मराठी सहज वाचतात, त्यामुळे तक्ता अहिराणीत करायची गरज मला कधी वाटली नाही. पण ‘करण्यात यावे’, ‘तपासण्यात यावे’ हे सरकारी वळण काढून टाका. ‘तपासा’, ‘काढा’, ‘बघा’ पुरे.

धोका वाटतो तो वेगळ्याच ठिकाणी. एकच इंग्रजी शब्द तीन अर्थांनी येतो आणि आपण तिन्हीकडे एकच मराठी शब्द ठेवतो. उदाहरणार्थ ‘ओपन’. ‘डोअर ओपन’ म्हणजे दार उघडं. ‘सेन्सर ओपन’ म्हणजे सेन्सरची आतली वाट तुटली, मीटरवर `OL` येतं. ‘सेन्सर उघडा’ असं लिहिलेलं मी एका छापील कागदात पाहिलं आहे. वाचणाऱ्याने ते ‘सेन्सर खोला’ असं घेतलं तर त्याला दोष देता येणार नाही. मी ‘सेन्सर ओपन (तुटलेला)’ आणि ‘सेन्सर शॉर्ट (चिकटलेला)’ लिहितो, आणि दाराला ‘उघडं’.

‘लॉक’चंही तेच. दाराचं लॉक, मुलांनी बटणं दाबू नयेत म्हणूनचं चाइल्ड लॉक, आणि ‘मोटर लॉक’. तिसऱ्यात कुलूप कुठेच नाही. मोटर जाम आहे किंवा फिरल्याचा सिग्नल येत नाही, एवढाच अर्थ. इथे ‘मोटर जाम किंवा फिरल्याचा सिग्नल नाही’ असं लांब लिहिलं तरी चालेल. नुसतं ‘जाम’ लिहिलं तर हाताने मोकळी फिरणारी मोटर बघून मेकॅनिक गोंधळतो. अशा वेळी दोष मोटरीतल्या हॉल सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्येही असू शकतो.

आणि ‘डिस्चार्ज’. एसीत डिस्चार्ज म्हणजे कॉम्प्रेसरमधून निघणारी गरम लाइन. पण बोर्डाच्या पानावर ‘डिस्चार्ज द कपॅसिटर’ म्हणजे कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवा. इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअर पीसीबीवर मेन बंद केल्यावरही काही वेळ तीनशे व्होल्टच्या वर डीसी राहू शकतं. गाइडमध्ये किती मिनिटं थांबायचं ते दिलेलं असतं, आणि थांबून झाल्यावर मीटरने मोजून खात्री करा असंही. ही सूचना इंग्रजी तक्त्यात तळटीप म्हणून असते. मी ती तळातून उचलून पीसीबीच्या प्रत्येक ओळीत घालतो. रकाना मोठा होतो, डिझायनर कुरकुर करतो. करू दे.

२५ अंशांचं काय झालं

दुसरी चूकही माझीच. एसीच्या तक्त्यात इनडोअरच्या सेन्सरची ओळ होती: रेझिस्टन्स १० किलोओहम, २५ अंशांला. रकाना अरुंद होता, ‘२५ अंशांला’ खालच्या ओळीत जात होतं. मी ते काढून टाकलं. १० किलोओहम राहिलं.

मे महिना, भुसावळ, दुपार. गच्चीवरच्या खोलीतला एसी. मेकॅनिकने सेन्सर काढून मोजला, मीटरवर 4.4 आलं. कागदावर 10. त्याने सेन्सर बदलला. मग शंका आली म्हणून नवा सेन्सर मोजला, तोही 4.6 दाखवत होता. फोन मलाच.

हे सेन्सर एनटीसी जातीचे असतात. गरम झाले की त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो. २५ अंशांला १० किलोओहम असलेला सेन्सर ३५ अंशांला साधारण साडेसहावर येतो आणि ४५ अंशांला साडेचारच्या आसपास, सेन्सरच्या जातीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. त्या खोलीत सेन्सर अगदी ठणठणीत होता. भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो, हे गाइड लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं.

तेव्हापासून रेझिस्टन्सच्या आकड्याला तापमान चिकटलेलं असतंच. एका तापमानाचा आकडा देण्यापेक्षा गाइडच्या मागे जो पूर्ण तक्ता असतो, त्यातले तीन-चार आकडे उचलतो, आणि त्यात आपल्या उन्हाळ्याचा एक हमखास घेतो:

```
25 अंश  ->  10 किलोओहम
35 अंश  ->  6.5 किलोओहम
45 अंश  ->  4.4 किलोओहम
```

हे आकडे उदाहरणाचे आहेत. ५, २० किंवा ५० किलोओहमचेही सेन्सर असतात, एकाच एसीत दोन वेगळेही असतात, म्हणून ज्या मॉडेलचा तक्ता करताय त्याच गाइडमधून घ्या. खाली एक ओळ पडताळ्याची लिहितो: सेन्सरचं टोक माठाच्या गार पाण्यात धरा, आकडा हळूहळू वर चढला पाहिजे. ही ओळ मी इंजिनिअरला विचारून, हो म्हणाल्यावर घातली. `OL` राहिला तर सेन्सर ओपन, शून्याजवळ राहिला तर शॉर्ट. आकडा चढतो पण तक्त्यापेक्षा बराच लांब आहे, असाही सेन्सर असतो. तो बहुतेक वेळा कोड देतच नाही, एसी नुसता चुकीच्या वेळी बंद होतो. तक्त्यात तशी ओळ नसेल तर आपण घालायची नाही.

उन्हाळ्याचाच आणखी एक मुद्दा. एसीच्या तक्त्यात काही कोड बिघाडाचे नसतात, बचावाचे असतात. आउटडोअर युनिट पत्र्याच्या शेडखाली, कंडेन्सरवर धूळ, बाहेर ४४ अंश. अशा वेळी डिस्चार्ज लाइनचं तापमान मर्यादेबाहेर जातं आणि बोर्ड कॉम्प्रेसर हळू करतो किंवा थांबवतो. इंग्रजीत याला ‘प्रोटेक्शन’ म्हटलेलं असतं, आणि मराठी तक्त्यात त्याचीही ‘त्रुटी’ झालेली असते. मग गिऱ्हाइकाला “कॉम्प्रेसर गेला” असं सांगितलं जातं. अशा ओळींना मी वेगळा शब्द ठेवलाय: ‘बचावासाठी थांबलं’. आणि पुढे गाइडप्रमाणे लिहितो: ‘थंड झाल्यावर आपोआप सुरू होतं’ किंवा ‘मेन बंद करून पुन्हा चालू करावं लागतं’. हे दोन्ही इंग्रजीत ‘रीसेट’ या एकाच शब्दात मावतात. मेकॅनिकला मात्र पाचव्या मजल्यावर पुन्हा चढायचं की नाही, ते यावरून ठरतं.

छापायच्या आधी

तक्ता झाला की शुद्धलेखन बघायला कुणीही मिळतो. मी तो आधी दोन मेकॅनिकना देतो. एक जुना, एक नुकताच आयटीआयमधून निघालेला. “कळलं का” असं विचारत नाही, कारण उत्तर नेहमी “हो भाऊ” असंच येतं. एक कोड सांगतो आणि विचारतो, “सांग, आता पहिला हात कुठे लावशील?” उत्तर गाइडच्या आकृतीशी जुळलं नाही तर ओळ बदलायची. दोघांची उत्तरं वेगळी आली तरी बदलायची, एकाचं बरोबर असलं तरी.

नव्या `OE` ओळीवर आयटीआयच्या मुलाला हे विचारलं. तो म्हणाला, “दारातून आत बघेन.” जुना मेकॅनिक म्हणाला, “मी पाइपला हात लावून बघेन, पाणी गेलेलं असेल तर ओला असतो.” ते गाइडमध्ये नव्हतं. इंजिनिअरला विचारायच्या यादीत लिहून घेतलं.

पानावर मॉडेलची नावं, मूळ गाइडची आवृत्ती आणि तारीख ठळक छापा. कंपन्या पुढच्या आवृत्तीत कोडचा अर्थ बदलतात किंवा नवे कोड घालतात, आणि दुकानाच्या भिंतीवर लॅमिनेट करून लावलेला कागद कुणी काढत नाही. मी तारीख वरच्या उजव्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात घेतो. तळाची ओळ लॅमिनेशन करताना कापली जाते.